दादाची शेरवानी, पाच इंच उंच भावासाठी: प्रकल्प नोंदी

९ सप्टेंबर

मावशीचा फोन झाला, डिसेंबरात स्वतःच्या रिसेप्शनला तिचा धाकटा दादाचीच शेरवानी घालणार म्हणतोय. सकाळचे विधी सोवळ्यातच होणार, म्हणजे शेरवानी फक्त संध्याकाळची तीन-चार तास, त्यासाठी नवीन घ्यायची नाही असं त्यानंच ठरवलं आणि मला ते पटलं. प्रश्न एवढाच की दादा ५ फूट ६ इंच आणि हा ५ फूट ११. आणि दादा लग्नात चांगला भरलेला होता, हा म्हणजे वेताची काठी.

पितृपक्ष चालू आहे तोवरच मास्तरांना गाठायचं. या दिवसांत नवीन कापड कुणी शिवायला टाकत नाही, हात जरा मोकळे असतात. एकदा घट बसले की दिवाळीचे ब्लाऊज आणि ड्रेस सुरू, आणि तुळशीचं लग्न लागलं की मग लग्नसराई, तेव्हा अल्टरचं काम घेऊन गेलं की "ठेवून जा, बघू" एवढंच ऐकायला मिळतं.

शेरवानी बाहेर काढली. मोतिया रंगाचं जॅक्वार्ड, कॉलरवर आणि समोरच्या पट्टीवर जरदोजी, बाह्यांच्या टोकाला अर्ध्या इंचाची सोनेरी लेस, खालचा घेर एकदम प्लेन. हे बघून बरं वाटलं, कारण घेरावर भरतकाम असतं तर लांबी वाढवायचा विषय तिथेच संपला असता. भरतकाम खाली सरकवता येत नाही, आणि त्याच्या खाली नवं कापड जोडलं तर ते लांबूनही ओळखू येतं.

११ सप्टेंबर

आज आतून बघितलं. शेरवानी उलटी करून मागच्या बाजूला घेराजवळ अस्तराची चारेक इंच तुरपाई उसवली. अल्टरला द्यायच्या आधी हे घरीच करून बघावं, कारण आत माया, म्हणजे शिवणीच्या आत दुमडलेलं जादा कापड, किती सोडलीय यावर पुढचं सगळं अवलंबून, आणि बाहेरून हात लावून ते नीट कळत नाही, बक्रम आणि कापड बोटांना सारखंच लागतं.

निघालं असं. घेराला आत सव्वादोन इंचाची दुमड. बाहीला दीड इंच. साइडच्या शिवणीला दोन्हीकडे पाऊण-पाऊण इंच आणि पाठीच्या मधल्या शिवणीलाही तेवढीच. दादाची ज्यानं शिवली त्यानं हात राखून कापलेलं नाही, भलं होवो त्याचं. हल्ली रेडिमेडमध्ये घेराला जेमतेम पाऊण इंच असतो, मग लांबी विसरायचीच.

पण सव्वादोन इंच आत आहे म्हणजे सव्वादोन मिळणार असं नाही. कडेला पट्टी जोडायला तीन सूत तरी शिवणीत जातात (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, मास्तर लोक याच हिशोबात बोलतात). तेव्हा हातात येतात दोनला एक सूत कमी. बाहीचे तसेच दीडमधून तीन सूत गेले की एक इंच एक सूत.

१३ सप्टेंबर

आजचा उद्योग जुन्या घडीच्या रेषेचा. दुमड उघडली की जिथे घडी होती तिथे एक रेघ उरते, आणि २०१४ पासून कपाटात पडलेल्या कपड्यात ती चांगलीच मुरलेली असते. उसवलेल्या त्या चार इंचांवर करून बघितलं, पांढरं व्हिनेगर आणि दुप्पट पाणी, त्यात सुती फडकं पिळून वर ठेवलं आणि बेताच्या गरम इस्त्रीनं दाब दिला. इस्त्री सरकवायची नाही, ठेवायची आणि उचलायची. आधी आतल्या मायेच्या कोपऱ्यावर टेस्ट केली, डाग पडला नाही म्हणून पुढे गेले.

घडीचा उंचवटा बसला. सुईची भोकंही जवळजवळ मिटली. पण खरी गंमत वेगळीच निघाली: बाहेरचं कापड इतक्या वर्षांत पिवळसर झालंय आणि आत दुमडलेलं कापड जसंच्या तसं राहिलंय, त्यामुळे रेषेच्या वर एक रंग आणि खाली दुसरा. ट्यूबलाइटमध्ये कळत नाही, खिडकीत नेलं की स्पष्ट दिसतं. हे व्हिनेगरनं जात नाही, ड्रायक्लीननंही पूर्ण जाईल याची खात्री नाही.

म्हणजे नुसती दुमड सोडून चालणार नाही, ती नवी उघडलेली पट्टी झाकावीच लागणार. काठ लावायचा. आणि काठ लावायचाच असेल तर एक फायदा आपोआप होतो, काठाच्या खाली काय आहे ते कुणाला दिसणार नाही, म्हणजे माया कमी पडते तिथे खाली दुसऱ्या कापडाचा जोड दिला तरी चालतो.

१६ सप्टेंबर

भाऊ नागपूरला, मी पुण्यात. मापं फोनवर. मावशीनं टेप लावून पाठवलेल्या यादीत बाही २७ इंच! एवढी लांब बाही ५ फूट ११ च्या माणसाची नसते, खांद्याच्या शिवणीच्या आतून धरली असणार. म्हणून त्याला सांगितलं, तुझा सगळ्यात नीट बसणारा फुल शर्ट पलंगावर सपाट ठेव, खांद्याच्या शिवणीपासून कफच्या टोकापर्यंत टेप ठेव आणि फोटो पाठव. आली साडेपंचवीस. अंगावरचं माप आणि बसणाऱ्या कपड्याचं माप, दोन्ही मागवायची आणि अर्ध्या इंचापेक्षा जास्त फरक आला की पुन्हा मोजायला लावायचं, लांबून मापं घ्यायची तर दुसरा उपाय नाही.

लांबीसाठी त्याला अनवाणी सरळ भिंतीला टेकवून उभं केलं, मानेच्या मागच्या हाडापासून गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपर्यंत ४० आले. दादाची शेरवानी तयार साडेएकोणचाळीस. म्हणजे आत्ता घातली तर वाटीच्या वरच लटकणार, आणि उंच माणसाला तेवढी आखूड शेरवानी लांब कोट वाटते. वाटी पूर्ण झाकायला ४२ पाहिजेत. बघा, उंचीत पाच इंचांचा फरक पण शेरवानीत अडीचच वाढवायचे, बाकीचं चुडीदार घेतो.

आणखी एक माप मुद्दाम मागवलं जे सहसा कुणी विचारत नाही. मानेच्या हाडापासून कंबरेपर्यंत, म्हणजे कमरेवर नाडी बांधली की ती जिथे बसते तिथपर्यंत. त्याचे पावणेअठरा. शेरवानीत कंबर आत घेतलीय ती साडेसोळावर. इथे सव्वा इंचाचा घोळ आहे आणि माझ्या मते या सगळ्या कामात हाच सगळ्यात महत्त्वाचा. लोक उंच माणसाला कपडा द्यायचा म्हटलं की खालून आणि बाहीतून वाढवतात आणि संपलं म्हणतात, पण उंच माणसाची कंबरही खाली असते. शेरवानीची कंबर त्याच्या बरगड्यांवर बसली की खालचा भाग कुल्ल्यावर अडतो, कापड वर चढतं आणि पोटावर आडव्या चुण्या पडतात. मग कितीही काठ लावा, मागून आणलेलीच दिसते.

बाकी छाती शेरवानीची तयार ४२, याची अंगावर ३८, चार इंच सैल, शेरवानीला तेवढी हवीच. कंबर तयार ४०, याची ३३. खांदा साडेसतरा, याचा १८.

१८ सप्टेंबर

काठ कुठला? रविवार पेठेत लेसवाल्यांकडे फिरून आले. नव्या जरीची चमक या जुन्या मोतियाशेजारी अगदीच कोरी दिसते, आणि मोतियात मॅचिंग शोधायला गेलं तर अर्धी छटा इकडेतिकडे होते आणि तेच जास्त खटकतं. जवळजवळ मॅच होणाऱ्यापेक्षा सरळ वेगळा रंग परवडला.

घरी येऊन दादाच्याच मरून शेल्याकडे लक्ष गेलं. शेरवानीबरोबरच घेतलेला, कोयरीचा जरीकाठ, रुंदी पावणेतीन इंच. शेला अडीच मीटर, म्हणजे एका बाजूच्या काठाचे साधारण ९८ इंच. घेराला तीन तुकडे मिळून कडेच्या दुमडीसकट ६६ आणि दोन बाह्यांना जोड धरून २४, झाले ९०. एका बाजूत बसतं, दुसरी बाजू शिल्लक. शेला तसाही भाऊ घेणार नव्हता. दादाला विचारलं, तो म्हणाला काप, मला तो फोटोतसुद्धा आठवत नाही.

अस्तर आणि आतल्या पट्टीसाठी मोतिया सॅटिन एक मीटर आणलं, जोडाला घरातलंच जाड सुती कापड. सुती कापड आणि काठ दोन्हीवर आजच वाफ मारून ठेवली. हे आधी केलं नाही तर शिवल्यावर पहिल्या इस्त्रीला काठ आक्रसतो आणि घेराला झालर पडल्यासारखं होतं.

२० सप्टेंबर

मास्तरांसाठीची चिठ्ठी. तोंडी सांगितलेलं दुकानात दुसऱ्या कारागिराकडे गेलं की अर्धं होतं, म्हणून कागदावरच, आणि प्रत्येक ठिकाणी आत्ताचं माप आणि तयार माप दोन्ही. नुसतं "अडीच वाढवा" लिहिलं तर कुठून मोजून अडीच हा वाद होतो. ही चिठ्ठी जशी आहे तशी:

> मास्तर, नमस्कार. शेरवानी दादाची आहे, आता मावसभावाला बसवायची. तो दादापेक्षा पाच इंच उंच आणि बारीक. सगळी लांबीची मापं पाठीमागे कॉलरच्या शिवणीपासून खाली धरलीत, कॉलरच्या वरच्या कडेपासून नाही. खुणा मी लाल धाग्याच्या कच्च्या टाक्यांनी केल्यात, त्यावर कृपया मेणाचा खडू लावू नका, इस्त्रीनं त्याचा तेलकट डाग उठतो.
>
> आधी कंबर. आत्ता साडेसोळावर आत घेतलीय, ती पावणेअठरावर हवी. दोन्ही साइडच्या शिवणी काखेच्या खाली चार इंचांपासून कटपर्यंत उसवा, पाठीची मधली शिवणही तेवढीच. पुन्हा शिवताना सगळ्यात आतला पॉइंट लाल टाक्यावर येऊ द्या. कंबर तयार ४० आहे ती ३७ करायची. साइडला प्रत्येक पदरात अर्धा इंच घ्या, दोन्ही बाजू मिळून दोन इंच होतील, उरलेला एक इंच पाठीच्या शिवणीत, तिथेही पदराला अर्धा. सगळं साइडलाच घेऊ नका, खिसे मागे ओढले जातात. जास्तीचं कापड कापायचं नाही, आत तसंच ठेवा. छाती ४२ आहे, तिला हात नाही.
>
> साइडचा कट आत्ता साडेबावीसवर सुरू होतो, तो २४ वर हवा. वरचा दीड इंच आतून बंद करा आणि टोकाला आडवा हातटाका पक्का घाला, बसताना तिथेच फाटतं. खिसे आहेत तिथेच.
>
> लांबी आत्ता साडेएकोणचाळीस, तयार ४२. दुमड पूर्ण उघडली की दोनला एक सूत कमी एवढं मिळतं, तीन सूत शिवणीला धरून. उरलेले पाच सूत सोबतचं सुती कापड जोडून करा. जोडाची शिवण उघडून सपाट इस्त्री करा, एका बाजूला पाडू नका, काठावर वळ दिसेल. त्यावरून शेल्याचा काठ, पावणेतीन इंच. जुन्या घडीची रेघ नव्या कडेपासून अडीच इंचांवर येते, म्हणजे काठ तिच्यावर फक्त पाव इंच चढतो. म्हणून काठ खालच्या कडेला बरोबर कड लावूनच बसवा, एक सूतही खाली सोडू नका, नाहीतर रेघ डोकावेल.
>
> काठाचे तीन तुकडे, डावा पुढचा, उजवा पुढचा आणि पाठ. प्रत्येकाची टोकं एक-एक इंच आत दुमडून. कोयरीचं टोक वर. समोर बटणं लावल्यावर डाव्या-उजव्या काठाच्या कोयऱ्या एका रेषेत आल्या पाहिजेत, त्यासाठी समोरच्या कडेपासून लावायला सुरुवात करा आणि कमी-जास्त साइडच्या कटकडे जाऊ दे. घेराला थोडी गोलाई आहे, काठ सरळ आहे, त्यामुळे वरच्या कडेला पाठीत पाव इंच जास्त होईल. चुणी न पाडता वाफेवर सामावून घ्या. काठाची खालची कड मशीनवर चालेल, वरची कड हातानंच तुरपा, मशीनची टीप जरीवर उठून दिसते.
>
> आतून साडेचार इंचांची सॅटिनची पट्टी, घेराच्या कडेपासून अस्तरापर्यंत. अस्तर पट्टीला जोडताना अर्ध्या इंचाची सैल घडी ठेवा. ताणून जोडलं तर अस्तर घेर वर ओढतं.
>
> बाही आत्ता साडेतेवीस, तयार साडेपंचवीस, खांद्याच्या शिवणीपासून. लेस काढून टाका. दुमडीतून एक इंच एक सूत, बाकी सात सूत सुती जोड. वर तोच काठ, कोयरी कोपराकडे. लेसच्या टिपांची भोकं नव्या कडेपासून अडीच इंचांपर्यंत येतात, काठाखाली जातात. बाहीच्या तोंडाची मोरी साडेदहापेक्षा कमी होऊ देऊ नका.
>
> खांदा तसाच. पॅड अर्ध्या इंचाचं आहे, त्याजागी पाव इंचाचं घाला. समोरच्या शेवटच्या बटणाच्या खाली अडीच इंचांवर आतून एक टिचबटण, लांबी वाढल्यामुळे समोरून जास्त उघडतं.
>
> काठ पक्का करायच्या आधी सगळं कच्च्या टाक्यावर ठेवून ट्रायल. भाऊ दसऱ्याला येतोय, चार ऑक्टोबरला घेऊन येते. तोपर्यंत काठ आणि अस्तर पक्कं करू नका.

२१ सप्टेंबर

देऊन आले. मास्तरांनी चिठ्ठी चष्मा लावून पूर्ण वाचली आणि पहिला प्रश्न, "ताई, कंबर कशाला उसवायची? खालून पट्टा जोडून देतो, उद्या न्या." मी म्हटलं मग पोटावर चुण्या पडतील. ते म्हणाले पडतात, पण फोटोत कोण बघतंय. तेवढ्यात त्यांनीच शेरवानी हँगरवर अडकवली, टेप लावली, साडेसोळावर बोट ठेवलं आणि स्वतःच म्हणाले, हां, हे वर आहे.

दोन गोष्टींवर ते अडले आणि दोन्हींत त्यांचं बरोबर होतं. एक, बाहीचा काठ मशीननं गोल बाहीवर चढवला तर वाकडा बसेल, त्यासाठी बाहीची खालची शिवण सहा इंच उसवून कापड सपाट करून काठ लावायचा आणि मग शिवण बंद करायची, म्हणजे काठाचा जोडही त्याच शिवणीत लपतो. दुसरं, दोन तुकड्यांच्या बाहीत कोपराचा बाक ठरलेला असतो, आपण बाही फक्त खालून वाढवतोय त्यामुळे बाक त्याच्या कोपरापेक्षा जरा वर राहणार. पॅड पातळ केल्यानं थोडा खाली येईल, बाकीचं काही करता येत नाही, पूर्ण बाही नवीन कापल्याशिवाय. हात दुमडून बसला तर आत थोडी ओढ दिसेल, उभं राहिल्यावर नाही. चालेल म्हटलं. रिसेप्शनला तसंही तो उभाच असणार, हात जोडून.

पैसे २२०० ठरले. कंबरेचं काम ऐकून आधी २५०० म्हणाले होते.

४ ऑक्टोबर

ट्रायल. भावाला चुडीदार आणि मोजडी घालूनच आणलं, स्पोर्ट्स शूजवर ट्रायल घेतली की टाचेच्या फरकानं घेर वेगळा पडतो.

कंबर बसली. समोरून बघितल्यावर पोटावर एक चुणी नाही, कापड कुल्ल्यावरून सरळ खाली जातं. मास्तरही दोन पावलं मागे जाऊन बघत राहिले पण बोलले काही नाहीत.

दोन भानगडी निघाल्या. मागे कॉलरच्या लगेच खाली आडवी जाड चुणी, बोटभर कापड गोळा झाल्यासारखं. आणि घेर लेव्हल नाही. जमिनीपासून पट्टी उभी धरून समोर, दोन्ही साइडला आणि मागे मोजलं, मागे तीन सूत खाली. नुसत्या नजरेनं हे कळलं नसतं, आणि आरशात तर नाहीच, कारण आरशात मागे बघायला तो वळला की खांदा फिरतो आणि घेर हलतो.

माझ्या डोक्यात आधी आलं की मागचा काठच तीन सूत वर घ्यावा. मास्तरांनी हात धरला. म्हणाले पोराची पाठ ताठ आहे, छाती पुढे काढून उभा राहतो, तुमचे दादा जरा पोक काढून उभे राहणारे, त्यांची पाठ या कापडात लांब कापलीय. कॉलरखालची चुणी आणि मागचा उतरलेला घेर हे एकाच गोष्टीचं आहे, पाठीत कापड जास्त. घेर खालून उचलला तर लेव्हल होईल पण चुणी तशीच राहील. वरून उचललं तर दोन्ही जातील.

तिथल्या तिथे त्यांनी चुणी चिमटीत धरून टाचण्या लावल्या, बरोबर तीन सूत. चुणी गेली. पुन्हा जमिनीपासून मोजलं, मागचा घेर समोरच्या रेषेत. आता कॉलरची मागची अर्धी बाजू आतून उसवून पाठ तीन सूत आत घ्यायची आणि कॉलर परत बसवायची. जरदोजीच्या कॉलरला बाहेरून सुई लागणार नाही, आतली पट्टी उघडली की पुरतं. पाठीची लांबी यामुळे तयार ४२ ऐवजी ४१ इंच ५ सूत होईल, हे चिठ्ठीवर खाली लिहून तारीख टाकली. कंबरेची खूणही पाठीत तीन सूत वर सरकणार, साइडला नाही. मास्तर म्हणाले तेवढं पाठीच्या बाकात जातं, पुन्हा उसवायला नको. त्याला चालायला, बसायला, वाकून मोजडी काढायला लावलं, ओढ कुठे आली नाही.

मला विचाराल तर चिठ्ठी कितीही बारीक लिहिली तरी माणूस उभा कसा राहतो हे टेपमध्ये येत नाही, म्हणूनच ट्रायलशिवाय काठ पक्का करू नका असं लिहिलं होतं.

बाह्या बरोबर. हात खाली सोडल्यावर काठ मनगटाच्या हाडाखाली बोटभर. कोपर दुमडल्यावर सांगितल्याप्रमाणे थोडी ओढ आहे.

१३ ऑक्टोबर

आणली. घरी येऊन खिडकीत धरून तपासलं. घेराची जुनी रेघ कुठेही डोकावत नाही, मागच्या उजव्या कोपऱ्यात काठाची वरची कड जेमतेम एक सूत वर आहे, पण आहे. समोर कोयऱ्या जुळल्यात. तुरपाई हाताची, टाके बारीक, बाहेर दोरा दिसत नाही. कॉलर मागून सपाट. साइडच्या शिवणीतली माया आत जशीच्या तशी, म्हणजे याच्यानंतर कुणी भरलेला भाऊ लग्नाला उभा राहिला तर कंबर परत सोडता येईल. लांबी मात्र आता संपली, घेरात सोडायला काही उरलेलं नाही.

एकच दुरुस्ती सांगितली, डाव्या बाहीच्या काठाचा जोड आतल्या शिवणीपासून अर्धा इंच बाहेर आला होता. मास्तरांनी दुकानातच उसवून परत घातला, मी चहा घेत बसले.

टिचबटण लावलंय पण स्टीलचं चमकतं, त्यावर मोतिया सॅटिनची टिकली मी घरीच चढवेन. ड्रायक्लीनला आता द्यायची नाही, लग्नाच्या दहा दिवस आधी देणार आणि पावतीवर "जरीकाठ जोडलेला आहे, मरून रंग टेस्ट करून" असं लिहून घेणार, कारण मरूनचा रंग मोतियावर उतरला तर वर केलेलं सगळं पाण्यात. शेल्याच्या उरलेल्या तुकड्यावर ओलं पांढरं फडकं घासून बघितलं, रंग आला नाही, पण ड्रायक्लीनचं केमिकल वेगळं असतं, म्हणून आधी तो तुकडाच त्यांच्याकडे देऊन बघेन.

तोवर जाड खांद्याच्या हँगरवर, सुती पिशवीत. घडी घालून ठेवायची नाही, जरीकाठ घडीत मोडतो. मावशीला फोटो पाठवले, तिचा पहिला प्रश्न, "शेला कुठे गेला?"